विक्रेता म्हणाला, पैसे आलेच नाहीत

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी क्रिप्टो एक्स्चेंजच्या पीटूपी विभागातून, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाकडून, यूएसडीटी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन घेतो. त्या दिवशी ३०० यूएसडीटीची ऑर्डर लावली. ९० रुपये भाव, म्हणजे २७,००० रुपये. ऑर्डर लागली त्या क्षणी विक्रेत्याचे ३०० कॉइन एस्क्रोत गेले. एस्क्रो म्हणजे एक्स्चेंजनं मधल्या मध्ये धरून ठेवलेला माल: व्यवहार मिटेपर्यंत विक्रेत्याला तो काढता येत नाही आणि मलाही मिळत नाही.

ऑर्डरच्या पानावर विक्रेत्याचं नाव, आयएफएससी आणि ४४१७ नं संपणारा खाते क्रमांक होता. माझ्या स्वतःच्या खात्यातून आयएमपीएस केलं, रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला, मग ‘पैसे भरले’ हे बटण दाबलं. थोड्या वेळानं चॅटवर उत्तर आलं: “दादा, पैसे आले नाहीत. ऑर्डर कॅन्सल करा, बँक तुमचे पैसे परत देईल.”

सगळा घोळ या एका वाक्यात आहे. पैसे भरल्याचं कळवल्यावर ऑर्डरची मुदत संपली तरी ऑर्डर आपोआप रद्द होत नाही, कॉइन अडकूनच राहतात. खरेदीदारानं स्वतः कॅन्सल केलं, तर मात्र ते तत्काळ विक्रेत्याकडे परत जातात. रुपये त्याच्या खात्यात पोचलेले असले, तर ते काढून आणणं एक्स्चेंजच्या हातात नाही, कारण एस्क्रोत कॉइन असतात, रुपये नव्हे. मी कॅन्सल केलं नाही. “माझ्याकडून रक्कम गेली आहे, यूटीआर पाठवतोय, स्टेटमेंट तपासा,” असं चॅटमध्येच लिहिलं. यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. त्यानं व्हॉट्सॲप नंबर मागितला, तो दिला नाही. तक्रार झाली की एक्स्चेंज आपल्याकडची चॅटच वाचते.

तरी मनात धाकधूक होतीच. पैसे खरंच वाटेत अडकले असतील तर? बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी यूटीआर टाकून पाहिला. “सक्सेस दाखवतंय. समोरच्या खात्यात जमा झालं नसेल, तर उद्यापर्यंत तुमच्याकडे उलटी नोंद पडेल,” त्या म्हणाल्या. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमच तसा आहे: आयएमपीएसमध्ये रक्कम वजा झाली पण जमा झाली नाही, तर पुढच्या दिवसापर्यंत ती परत आली पाहिजे, त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

म्हणून एक्स्चेंजकडे अपील लगेच टाकलं आणि एक पुरावा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला. अपिलात स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहिलो नाही. तो कुणीही मोबाईलवर बनवतो, त्यामुळे त्याला वजन नसतं. स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. लॉगिन झाल्यावर बँकेचं ॲप पहिल्या पानापासून दाखवलं, व्यवहारांच्या यादीत गेलो, ती नोंद उघडली. रक्कम, वेळ, यूटीआर आणि समोरचा खाते क्रमांक एकाच सलग चित्रीकरणात आले. पिन टाकताना रेकॉर्डिंग बंद ठेवलं होतं, हे मुद्दाम सांगतो. सोबत नेट बँकिंगमधून उतरवलेलं मूळ पीडीएफ स्टेटमेंट जोडलं. त्यात शिल्लक दिसते म्हणून काही खोडलं नाही. खाडाखोड दिसली की तपासणाऱ्याला संशय येणारच.

दुसऱ्या दिवसाच्या शेवटी नवं स्टेटमेंट काढलं. २७,००० ची उलटी नोंद नव्हती. सगळ्यात भारी कागद माझ्या मते हाच: पैसे गेल्याचं पहिल्यानं कळत होतं, ते परत आले नाहीत हे यानं कळलं. तोही अपिलात चढवला.

एक्स्चेंजनं विक्रेत्याकडेही त्याच काळाचं स्टेटमेंट मागितलं. त्यानं व्हिडिओ दिला, त्यात खरंच कुठेही २७,००० जमा दिसत नव्हते. मी तो दोनदा थांबवून पाहिला. वरच्या कोपऱ्यात खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे होते ०९५२. ऑर्डरवर होते ४४१७. मी तेवढंच लिहिलं: “हे स्टेटमेंट ऑर्डरमधल्या खात्याचं नाही.”

सपोर्टनं त्याला ४४१७ चं स्टेटमेंट देण्यासाठी मुदत दिली. ते आलं नाही. मुदत संपल्यावर एक्स्चेंजनं स्वतः एस्क्रो मोकळा केला आणि ३०० यूएसडीटी माझ्या वॉलेटमध्ये जमा झाले. त्यानं हे लबाडीनं केलं की दुसरंच खातं तपासत बसला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. निकालासाठी ते लागलंही नाही. यूटीआर, खाते क्रमांक आणि न आलेली उलटी नोंद, एवढ्यावर तो लागला.