सरांना नाही म्हटलं तो मंगळवार

मंगळवारी दुपारी कॅलेंडरचं निमंत्रण आलं : गुरुवार, ११ ते १२, बजेटची चर्चा. पाठवणारे माझ्या साहेबांचेही साहेब. त्या दिवशी सकाळी दहापासून नव्या सहा जणांचं प्रशिक्षण मलाच घ्यायचं होतं, आणि ती तारीख तीन आठवड्यांपूर्वी ठरलेली.

आधी वाटलं, Tentative दाबून वेळ मारून न्यावी. पण त्यानं समोरच्याला काहीच कळत नाही; तो खुर्ची धरून ठेवतो आणि आपण ऐनवेळी गायब. म्हणजे Decline. त्यातही उत्तर न पाठवता नाकारायची सोय असते. ती वापरली असती, तर सरांच्या यादीत मी 'उत्तर नाही' अशीच दिसत राहिले असते. म्हणून उत्तर लिहून पाठवायचं ठरवलं.

पहिला मसुदा सात ओळींचा झाला. 'सर्वप्रथम मनापासून दिलगिरी' इथून सुरुवात, मग प्रशिक्षण का महत्त्वाचं, मग पुन्हा दिलगिरी. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, सर हे फोनवर बघणार. वर Declined, खाली तुझं नाव आणि एखादी ओळ. त्या ओळीत तू फक्त माफी मागतेयस."

पटलं. सगळं पुसलं आणि हे पाठवलं :

'सर, गुरुवारी दिवसभर नव्या सहा जणांचं प्रशिक्षण घेतेय, तारीख आधीच ठरलेली आहे. शुक्रवारी १० ते १२ मोकळी आहे. आमच्या विभागाचे आकडे उद्या संध्याकाळपर्यंत पाठवते, म्हणजे माझ्यामुळे चर्चा अडणार नाही.'

बटण दाबल्याबरोबर निमंत्रण माझ्या कॅलेंडरमधून नाहीसं झालं. विषयपत्रिका त्यातच होती, ती डिलीटेड आयटम्समधून शोधून काढावी लागली. आकडे कोणत्या तक्त्यात हवेत, ते तिथेच लिहिलेलं होतं.

वीस मिनिटांत उत्तर आलं : 'ठीक. आकडे पाठवा, शुक्रवारी दहाला बोलू. पण तुमचा गुरुवार मला मोकळा दिसला.'

शेवटचं वाक्य टोचलं. आधी चिडलेच, कारण नोंद मी स्वतः केली होती. उघडून पाहिलं. प्रशिक्षण 'पूर्ण दिवस' म्हणून टाकलं होतं, आणि आउटलुकमध्ये अशी नोंद आपोआप Free धरली जाते. माझ्या पडद्यावर वरच्या बाजूला पट्टी दिसत होती. वेळ शोधणाऱ्या सरांना मात्र कोरी जागा. तेव्हा सरांनी बघून-सवरूनच वेळ निवडली होती. मनातल्या मनात 'न विचारता बोलावतात' म्हणून त्यांना नावं ठेवली होती, ती मागे घेतली.

Show As बदलून Busy केलं. मग पुढचा महिना चाळला. अशा आणखी तीन पट्ट्या निघाल्या, त्यातली एक माझी रजा.