सहा एप्रिलनंतर जन्मलेलं मूल

मी ब्रिटनमध्ये सामाजिक धोरणाचा अभ्यासक्रम करते आहे. डिसेंबरमधल्या एका तासाला सरांनी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या: ५ एप्रिल २०१७ आणि ६ एप्रिल २०१७. म्हणाले, "या दोन दिवसांत दोन घरांत तिसरं मूल जन्मलं. घरं सारखी, पगार सारखे. एका मुलाला सरकार ओळखतं, दुसऱ्याला नाही. का, ते सांगा." कल्याणकारी राज्याचे प्रकार आणि 'मदतीला लायक कोण' हा वाद मला खऱ्या अर्थाने त्या तासाला कळला, म्हणून तो जसा कळला तसाच तुमच्यापुढे मांडते.

ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांना 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाची मासिक मदत मिळते. तिच्यात मुलांसाठी वेगळी रक्कम असते. २०१५ साली अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जाहीर केलं, की ही रक्कम यापुढे पहिल्या दोन मुलांपुरतीच मिळेल. नियम लागू झाला ६ एप्रिल २०१७ पासून. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलासाठी काही मिळत नसे, चौथ्यासाठीही नाही.

रक्कम लहान नव्हती. २०२५-२६ च्या दरांप्रमाणे पहिलं मूल २०१७ च्या त्या तारखेआधीचं असेल तर त्याचे महिन्याला ३३९ पौंड आणि पुढच्या मुलाचे २९२.८१ पौंड. पाच एप्रिलच्या घराला तीन मुलांचे ९२४.६२ पौंड मिळत, सहा एप्रिलच्या घराला ६३१.८१. वर्षाचा फरक साडेतीन हजार पौंडांच्या थोडा वर.

एका मुलाने विचारलं, मग आईने जास्त काम केलं तर? सरांनी त्याच्याकडूनच हिशेब करून घेतला. पगार ठराविक मर्यादेच्या वर गेला, की कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे मदतीतून ५५ पेन्स कापले जातात. हातात उरतात ४५. म्हणजे २९३ पौंडांची भरपाई करायला साधारण ६५१ पौंड जास्त कमवावे लागतात. त्या वर्षीचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड धरलं, तर महिन्याला त्रेपन्न तास, आठवड्याला बारा तासांहून जास्त. तेही घरात तान्हं मूल असताना, आणि त्याला सांभाळायला कोणाकडे ठेवायचं याचा खर्च न धरता. वर्गात कोणी काही बोललं नाही.

सरकारचा युक्तिवाद सरळ होता: स्वतःच्या कमाईवर जगणारी जोडपी मूल होऊ देण्याआधी परवडेल का याचा विचार करतात, मदतीवर असणाऱ्यांनीही तोच विचार करावा. ऐकायला हे न्याय्य वाटतं, आणि लोकांना ते का पटतं हे समजून घ्यायलाच हवं. नेदरलँड्सचे अभ्यासक विम व्हान ओरस्खोत यांनी २००० साली दाखवलं, की माणसं दुसऱ्याच्या मदतीचा निवाडा करताना नकळत पाच प्रश्न विचारतात. ही अवस्था त्याने स्वतः ओढवून घेतली का? मदत घेताना तो नम्र, कृतज्ञ आहे का? त्याने आधी काही दिलं आहे का, पुढे देईल का? तो आपल्यातला आहे का? आणि शेवटी, त्याची गरज किती आहे? युरोपभरच्या सर्वेक्षणांत या प्रश्नांतून तोच क्रम पुन्हा पुन्हा निघतो: वृद्ध सर्वांत वर, मग आजारी आणि अपंग, मग बेरोजगार, आणि सर्वांत खाली स्थलांतरित.

दोन मुलांच्या नियमाने यातला पहिला प्रश्न उचलला आणि त्याचंच वजन सगळ्यात जास्त धरलं. तिसरं मूल ही आईबापांची निवड, म्हणून जबाबदारी त्यांची. मला खटकतं ते इथे. नियम पाहायचा मुलाची जन्मतारीख, निर्णयाच्या वेळची परिस्थिती नव्हे. समजा, २०१८ मध्ये घरात दोन चांगले पगार होते, कसलीही सरकारी मदत लागत नव्हती, तेव्हा तिसरं मूल झालं. चार वर्षांनी वडील वारले आणि आईने पहिल्यांदा मदतीसाठी अर्ज केला. तरी तिसऱ्या मुलाचं काही मिळणार नव्हतं. तिने नेमकं कधी आणि काय चुकीचं निवडलं? शिवाय ज्यांच्यावर हा नियम पडला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत कोणी ना कोणी कामावर होतंच. आणि जन्मदरावर झालेला परिणाम अभ्यासकांना अगदी नगण्य आढळला. निवड बदलावी म्हणून केलेला नियम निवड फारशी बदलू शकला नाही. तो लागू असलेल्या घरांतल्या मुलांची संख्या मात्र सोळा लाखांच्या पुढे गेली.

अपवाद होते. जुळी, दत्तक मुलं, नातेवाइकांकडे वाढणारी मुलं. आणि बलात्कारातून राहिलेला गर्भ. या शेवटच्या अपवादासाठी आईला अर्ज भरावा लागे, डॉक्टर किंवा समाजसेवक अशा कोणा व्यावसायिकाचा दुजोरा लागे, आणि ती त्या पुरुषाबरोबर राहत नसली पाहिजे अशी अट होती. लायकी 'निवडी'वर ठरवायची म्हटलं, की राज्याला निवड होती की नव्हती हे शोधावं लागतं, आणि तो शोध कुठवर जातो ते या एका अर्जात दिसतं. हा भाग वाचताना मला पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

इतिहासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ब्रिटनमध्ये १९४६ साली कुटुंबभत्ता सुरू झाला. एलेनॉर रॅथबोन या खासदारबाईंनी त्यासाठी कित्येक वर्षं लढा दिला होता. दर आठवड्याला प्रत्येक मुलामागे पाच शिलिंग मिळत, पण पहिल्या मुलाला नाही, दुसऱ्यापासून पुढे. विचार असा, की एका मुलाचा भार पगार उचलतो, पुढच्यांचा नाही, कारण घरात तोंडं किती हे बघून पगार ठरत नाही. सत्तर वर्षांनी तोच देश म्हणू लागला, की पहिल्या दोघांचं आम्ही बघतो, पुढचं तुमचं तुम्ही. मुलं तीच, पगाराचा स्वभावही तोच. बदलला तो प्रश्न: 'गरज किती' याच्या जागी 'दोष कोणाचा' आला.

आता हेच तिसरं मूल स्वीडनमध्ये नेऊन बघा. तिथला बालभत्ता १९४८ पासून सगळ्यांना सरसकट मिळतो, कारखानदाराच्या मुलालाही आणि सफाई कामगाराच्याही. आधीची करसवलत श्रीमंतांना जास्त फायद्याची होती, ती काढून तिच्या जागी हा आणला गेला. प्रत्येक मुलामागे महिन्याला १२५० क्रोना, शिवाय मुलं वाढतील तशी वरची पुरवणी: दोन मुलांना १५०, तिघांना ७३०. दोन मुलांच्या घरात २६५० क्रोना येतात, तिघांच्या घरात ४४८०. म्हणजे तिसऱ्या मुलाने १८३० क्रोनांची भर पडते, दुसऱ्यापेक्षाही जास्त. फ्रान्समध्ये पहिल्या मुलाला कुटुंबभत्ता नाहीच, तो दुसऱ्यापासून सुरू होतो. आयकर मोजताना पहिली दोन मुलं अर्धा-अर्धा वाटा धरली जातात आणि तिसरं मात्र पूर्ण वाटा. तिथे कुटुंब मोठं असावं हाच धोरणाचा हेतू राहिला आहे.

डेन्मार्कचे गोस्ता एस्पिंग-आंडरसन यांनी १९९० मध्ये कल्याणकारी राज्यांचे तीन प्रकार मांडले, ते इथे बरोबर जुळतात. ब्रिटनसारखं उदारमतवादी राज्य बाजाराला पुढे ठेवतं आणि जे बाजारात कमी पडतात त्यांची उत्पन्न तपासून मदत करतं. फ्रान्स-जर्मनीसारखं परंपरावादी राज्य कुटुंबाचा आणि नोकरीतल्या दर्जाचा सांभाळ करतं. स्वीडनसारखं सामाजिक-लोकशाही राज्य नागरिकाला थेट हक्क देतं. कुठलाही देश एका खणात पुरता बसत नाही. ब्रिटनचाच वेगळा बालभत्ता तिसऱ्या मुलालाही मिळत राहिला, आणि फ्रान्समधला भत्ता २०१५ पासून उत्पन्नाप्रमाणे कमी होतो. पण तासाला मला जे लक्षात आलं ते असं: लायकीचा प्रश्न लोकांच्या स्वभावातून जितका येतो, तितकाच व्यवस्थेच्या घडणीतूनही. स्वीडनमध्ये शेजारणीला चौथं मूल झालं तर कोणी तिच्याकडे संशयाने का बघेल? तोच भत्ता बघणाऱ्याच्या घरातही येतो. जिथे मदत फक्त काहींनाच मिळते, तिथे न मिळणाऱ्याला मिळणाऱ्याची चौकशी करावीशी वाटते.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रॅचेल रीव्हज यांनी दोन मुलांची ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून काढण्याची घोषणा केली. वर्गात टाळ्या पडल्या. सरांनी टाळ्या संपू दिल्या आणि फळ्यावर तिसरं घर काढलं. एकटी आई, लंडनबाहेर, तीन मुलं, नोकरी नाही. २०२५-२६ च्याच दरांनी तिचे स्वतःचे ४००.१४ पौंड, दोन मुलांचे ६३१.८१, तिन्ही मुलांचा बालभत्ता महिन्याला सुमारे २६२, आणि भाड्यासाठी मंजूर ७००. बेरीज १९९४. पण एका घराला एकूण मदत किती मिळावी यावरही कमाल मर्यादा आहे: लंडनबाहेर महिन्याला १८३५ पौंड. म्हणजे तिची मदत तेव्हाच १५९ पौंडांनी कापली जात होती. तिसऱ्या मुलाचे २९३ आले, तरी तेही पूर्ण कापले जातील. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे महिन्याला ८४६ पौंड कमावले, तर ती या कमाल मर्यादेतून सुटली असती. किमान वेतनावर ते आठवड्याला सोळा तास होतात. मुलाला आता ओळख मिळाली, पण आईला अजून काम दाखवावं लागतंच.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी पाच भावंडांतली चौथी. तास संपल्यावर ती म्हणाली, "मी २०१७ नंतर जन्मले असते, तर माझ्या आईने मला कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?" मला उत्तर सुचलं नाही.

खोलीवर आल्यावर मी माझ्या व्हिसाची ऑनलाइन नोंद उघडली. अट तिथे लिहिलेली आहे: सार्वजनिक निधीचा लाभ नाही. युनिव्हर्सल क्रेडिट नाही, बालभत्ताही नाही, पहिल्या मुलासाठीसुद्धा नाही. आरोग्यसेवेसाठी मात्र मी वर्षाला ७७६ पौंडांचा अधिभार आधीच भरला आहे, आणि दुकानात काम करते त्या तासांच्या पगारातून राष्ट्रीय विम्याचा हप्ताही जातो. ओरस्खोत यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं, देण्याचं, माझं उत्तर ठीक आहे. अडतं ते चौथ्यापाशी, 'आपल्यातला आहे का' यापाशी. पुढच्या आठवड्यात मला याच विषयावर निबंध द्यायचा आहे, आणि पहिली ओळ मी त्या अटीचीच लिहिली आहे.