सव्वाशे ऑर्डरी गेल्या कुठे?

"मॅडम, मार्केटप्लेसच्या पॅनलवर सव्वाशे ऑर्डरी 'नवीन' म्हणून दिसतायत आणि आपल्या स्क्रीनवर एकही नाही. कुरिअरची गाडी चारला येते. काय करायचं बोला."

फोन फुरसुंगीच्या गोडाऊनमधून होता, आमच्या एका ग्राहकाचा. समया, निरांजनं, ताम्हनं, पितळी घंटा असा त्यांचा माल. गणपती आठवड्यावर आलेले, म्हणजे त्यांच्या वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. ऑर्डरी ओढून आणणारं सॉफ्टवेअर आधीच्या एका कंपनीने लिहिलेलं होतं. देखभाल नुकतीच आमच्याकडे आली होती. मी कर्वेनगरच्या ऑफिसातून लॅपटॉप उचलला आणि निघाले. मगरपट्ट्यापासून पुढे ट्रॅफिक असा, की लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय केलं त्याची नोंद, वाचायला रिक्षातच भरपूर वेळ मिळाला.

आधी काम कसं चालायचं ते सांगते. रोज सकाळी नऊला एक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, सुरू होतो. काल संध्याकाळपासून नऊपर्यंत आलेल्या, 'नवीन' स्थितीतल्या ऑर्डरी तो मार्केटप्लेसच्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामांनी माहिती मागायच्या खिडकीकडे, मागतो. एका पानावर 50 ऑर्डरी, जुनी आधी. पान आलं की लगेच आपल्या डेटाबेसमध्ये, आणि तिथून गोडाऊनच्या स्क्रीनवर. पोरं ऑर्डर नंबर उचलतात, मार्केटप्लेसच्या पॅनलवर 25-25 च्या गठ्ठ्याने लेबलं छापतात आणि पॅकिंगला लागतात. लेबल छापलं की मार्केटप्लेसच्या लेखी ती ऑर्डर 'नवीन' राहत नाही, 'पाठवायला तयार' होते.

ही शेवटची गोष्ट मीही त्या वेळी फक्त ऐकून सोडून दिली होती.

गोडाऊनमध्ये पोचले तर संशयित ठरलेला होताच. मालकांचा भाचा कॉम्प्युटरमधलं जाणतो, त्याने लॉग उघडून दाखवलं, "ताई, हे बघा, 429 च 429. ते लोक आपल्याला अडवतायत, तीच पानं गळली असणार." आणि घाबरून त्याने तोच जॉब दुसऱ्या मशीनवरूनही चालू करून ठेवला होता.

429 म्हणजे 'फार विनंत्या झाल्या, थांबा'. या मार्केटप्लेसचा नियम असा, की प्रत्येक विक्रेत्याच्या खात्यावर 10 विनंत्यांची शिल्लक असते आणि दर 15 सेकंदांनी तीत एक भर पडते. पहिली दहा पानं सपाट्याने येतात, त्यानंतर मिनिटाला चारच. ही शिल्लक खात्याला असते, मशीनला नाही. त्यामुळे दुसरं मशीन लावून वेग वाढत नाही. दोघं मिळून तीच शिल्लक खातात आणि दोघांनाही 429 मिळतात. ते मशीन मी आधी बंद करायला लावलं.

पण पानं गळली होती का? 429 च्या उत्तरासोबत `Retry-After` नावाचं हेडर येतं, किती सेकंदांनी परत या ते सांगणारं. सकाळच्या लॉगमधल्या प्रत्येक 429 च्या खाली जॉब तेवढा वेळ थांबला होता आणि तेच पान पुन्हा मागून घेतलं होतं. पान 11 ला 429, मग थांबणं, मग पान 11 बरोबर आलेलं. असं शेवटपर्यंत. एकही पान सुटलेलं नव्हतं. आधीच्या लोकांनी हा भाग नेटका लिहिला होता, हे मान्य करायला हवं. भाचा थोडा हिरमुसला.

मग मी पॅनलवरून त्या सव्वाशे ऑर्डरी उतरवून घेतल्या आणि ऑर्डर आल्याच्या वेळेनुसार लावल्या. वाटलं होतं विखुरलेल्या असतील. तशा नव्हत्या. रात्री अकराच्या सुमाराच्या सलग 25, मग बराच वेळ सगळं ठीक, मग पुन्हा सलग 25. असे पाच पुंजके. आणि प्रत्येक पुंजका जिथे सुरू होत होता, त्याच्या आधीची ऑर्डर एखाद्या पानावरची शेवटची होती.

पंचवीस हा आकडा एपीआयमध्ये कुठेच नव्हता. तो होता लेबलांच्या गठ्ठ्यात.

पॅकिंगच्या सुपरवायझर ताईंना विचारलं, "सकाळी लेबलं कधी सुरू केलीत?" त्या म्हणाल्या, "नऊला. ऑर्डरी दिसायला लागल्या की लगेच. आज माल जास्त, थांबतंय कोण?" आणि मग लॉगमध्ये तेच दिसलं, जे सकाळपासून कुणी वाचलं नव्हतं. एपीआय प्रत्येक पानासोबत एकूण किती ऑर्डरी आहेत हेही सांगतो:

```
page=1   total=1860  rows=50
page=12  total=1835  rows=50
page=16  total=1810  rows=50
...
page=35  total=1735  rows=35
```

जॉब चालू असतानाच यादी आखडत होती. 1860 मधून 1735 गेले की उरतात बरोबर 125.

हे कसं होतं ते रांगेवरून पटकन कळतं. रांगेत माणसं उभी आहेत आणि तुम्ही 50-50 ची नावं लिहून घेताय. पहिल्या पन्नासांची नावं लिहिलीत, तेवढ्यात त्यांच्यातले 25 जण काम होऊन निघून गेले. मागचे सगळे 25 पावलं पुढे सरकले. आता तुम्ही '51 व्या जागेपासून' सुरुवात केलीत, तर मघाशी 51 ते 75 वर उभे असलेले लोक 26 ते 50 वर आलेत. त्यांची नावं तुमच्याकडे कधीच येणार नाहीत. पान नंबर हा रांगेतल्या जागेचा नंबर आहे, माणसाचा नाही.

एरवी हे का झालं नाही? कारण एरवी रात्रभरात तीन-चारशे ऑर्डरी, म्हणजे सात-आठ पानं. ती दहाच्या शिल्लकीत बसतात, जॉब काही सेकंदांत आटोपतो, तोवर कुणाचा प्रिंटर गरमही झालेला नसतो. त्या दिवशी दहा पानांनंतर प्रत्येक पानाला 15 सेकंद लागत होते आणि जॉब सहा मिनिटांच्या वर चालला. तेवढ्या वेळात पाच गठ्ठे छापून झाले. मर्यादा पाळण्यात चूक नव्हती. मर्यादेमुळे मिळालेल्या वेळात यादी हलली, ही गोष्ट वेगळी. भाच्याला नेमका हाच फरक पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याचा आग्रह होता की 429 आल्यावर न थांबता मागत राहायचं. तसं केलं असतं तरी 15 सेकंदांना एकच पान आलं असतं, मधली सगळी उत्तरं 429 च.

आणि सुटलेल्या ऑर्डरी नंतरच्या फेरीत का आल्या नाहीत? कारण जॉब संपताना 'नऊपर्यंतचं झालं' अशी खूण ठेवतो आणि पुढची फेरी नऊनंतरचंच मागते. एकदा सुटलं की सुटलंच.

दुपारचे बारा वाजून गेले होते. त्या 125 ऑर्डरी पॅनलच्या यादीतून हाताने चढवल्या; ऑर्डर नंबर डेटाबेसमध्ये एकमेव ठेवलेला होता, म्हणून दोनदा चढण्याची भीती नव्हती. गाडी साडेचारला निघाली, थोडी उशिरा, पण भरून.

आता दुसऱ्या दिवशी सकाळचं काय? मालकांचा तोडगा सरळ होता: सगळी पानं येईपर्यंत लेबलं छापायची नाहीत. चाललं असतं, पण पूर्ण नाही. गिऱ्हाईकाने मधेच ऑर्डर रद्द केली तरी ती 'नवीन'मधून जाते, आणि गिऱ्हाईकाला कोण थांबवणार? त्या संध्याकाळी मी एवढंच बदललं: जॉब शेवटच्या पानापासून उलटा चालवला.

```python
for page in range(last_page, 0, -1):
    save(fetch(page))
```

यादी फक्त आखडणारी असेल तर हे पुरतं. कुणी निघून गेलं की बाकीचे पुढे सरकतात, आणि आपण पुढेच तर निघालोय. जो अजून वाचलेला नाही तो वाचलेल्या भागात जाऊच शकत नाही. फार तर एखादी ऑर्डर दोनदा भेटेल, तिला डेटाबेस गप्प बसवतो. अट एकच: मागण्याची वरची वेळ नऊला गोठवलेली हवी, नाहीतर नव्या ऑर्डरी शेपटाला चिकटत राहतात आणि शेवटचं पान शेवटचं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्डरी आणखी जास्त होत्या. पुंजके गायब. तरी ताळा घेतला तर पॅनलवर दोन ऑर्डरी जादा. खरं सांगायचं तर शंभर सुटल्या की माणूस शोधतो, दोन सुटल्या की 'असेल काहीतरी' म्हणतो. या दोन्ही ऑर्डरी रात्री दहाच्या आसपासच्या होत्या, पण त्यांचे पैसे बँकेत अडकलेले. नऊला त्या 'पेमेंट बाकी'त होत्या, सव्वानऊला 'नवीन' झाल्या. ऑर्डर आल्याची वेळ मात्र रात्रीचीच. म्हणजे जॉब मागत होता तेव्हा त्या यादीत नव्हत्या, आणि यादीत आल्या तेव्हा त्यांची वेळ उलटून गेली होती. शिवाय अशी ऑर्डर जॉब चालू असतानाच मधे घुसली, तर यादी फुगते, आणि मग उलटं वाचणंही फसतं.

म्हणून स्थितीची चाळणीच काढून टाकली. आता जॉब ऑर्डर आल्याच्या वेळेनुसार सगळ्या स्थितींच्या ऑर्डरी आणतो, पेमेंट बाकी असलेल्या, रद्द झालेल्या, सगळ्या. आल्याची वेळ कधी बदलत नाही, त्यामुळे गोठवलेल्या वेळेच्या आतली यादी हलत नाही आणि पानं सुलटी वाचली तरी चालतात. काय पॅक करायचं ते आपल्याच बाजूला ठरतं. पानं थोडी वाढली, तेवढा वेळ वाढला. 'पेमेंट बाकी'त असलेल्यांची विचारणा दर अर्ध्या तासाने वेगळी होते. एका विनंतीत 50 नंबर देता येतात, म्हणून शिल्लक फारशी जात नाही.

आणखी एक तपासणी घातली. पहिल्या पानावरचा `total` आणि शेवटच्या पानावरचा `total` वेगळा निघाला, किंवा डेटाबेसमधली संख्या त्याच्याशी जुळली नाही, तर 'झालं' ही खूण पुढे सरकत नाही आणि सुपरवायझर ताईंच्या फोनवर मेसेज जातो. मेसेज मला नको, त्यांनाच जावा असं मी मुद्दाम ठरवलं, कारण लेबलं थांबवणं त्यांच्या हातात आहे.

मालकांची एक तक्रार मात्र उरली: सकाळची पहिली सात-आठ मिनिटं पोरं अर्धवट यादीवर काम करतात. मी सुचवलं की पहाटे सहाला एक फेरी मारू, तेव्हा शिल्लक तशीही पडून असते, मग नऊला फक्त तीन तासांचं आणायचं. त्यावर ते म्हणाले, "सहाला चालवता येतं, हे आधी का नाही सांगितलं?"