गाठ मोजायची की धागा? मायटोसिस-मायोसिसच्या तक्त्याची गोष्ट

पहिल्या वर्षाला मायटोसिस आणि मायोसिस या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांचा तुलना-तक्ता करायला सांगितला, तेव्हा मी अर्ध्या तासात मोकळा झालो. कुठे होतं, किती पेशी तयार होतात, विभाजन किती वेळा होतं. सगळं बरोबर होतं. मॅडमनी खाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: 'मायोसिस-१ संपल्यावर पेशीत डीएनए किती?' मी म्हणालो, "निम्मा." "कशाच्या निम्मा?" यावर मी गप्प.

शेवटी लोकरीचे धागे घेऊन बसलो. चार गुणसूत्रांची पेशी धरली: एक लांब जोडी, एक आखूड, प्रत्येक जोडीत एक तांबडं आणि एक निळं. विभाजनाआधी डीएनएची प्रत निघते, म्हणून प्रत्येक धाग्याला तसाच दुसरा धागा गाठीने बांधला. आता धागे आठ झाले, पण गुणसूत्रं चारच. कारण मोजायची असते ती गाठ, म्हणजे सेंट्रोमिअर. एवढं कळायला मला एक संध्याकाळ लागली.

मायटोसिसमध्ये चारही गुणसूत्रं मध्यरेषेवर एकेकटी येतात, गाठी सुटतात आणि प्रत्येक पेशीत चार सुटे धागे जातात. मायोसिस-१ मध्ये गाठ सुटतच नाही. तांबडं आणि निळं जोडीने येतं आणि फुटते ती जोडी. प्रत्येक पेशीत दोन गाठी, धागे मात्र चार. म्हणजे डीएनए दोन्हीकडे सारखाच, गुणसूत्रं मात्र एकीकडे चार आणि दुसरीकडे दोन! माझं 'निम्मा' प्रत निघाल्यानंतरच्या पेशीशी ताडलं तर बरोबर, आधीच्या पेशीशी ताडलं तर चूक. पुढे मायोसिस-२ मध्ये गाठी सुटतात आणि पेशीगणिक दोनच धागे उरतात.

तक्त्यात मग 'गुणसूत्रं' आणि 'धागे' असे दोन वेगळे रकाने केले. संकल्पना-नकाशाही मुळापासून बदलला. आधी चौकटींमध्ये नुसते बाण होते. आता प्रत्येक बाणावर क्रियापद लिहिलं. 'गाठ सुटते' या चौकटीकडे मायटोसिस आणि मायोसिस-२ असे दोघांचे बाण गेले, 'जोडी फुटते' हिच्याकडे फक्त मायोसिस-१ चा.

त्यावरून खुशीत येऊन मी 'मायोसिस-२ म्हणजे मायटोसिसच' असा जाड बाण काढला. मैत्रिणीने काही न बोलता कात्री घेतली, जोडीतल्या एका तांबड्या आणि एका निळ्या धाग्याची टोकं कापून अदलाबदल केली. मायोसिस-१ च्या सुरुवातीला क्रॉसिंग ओव्हर होतं, ते मी विसरलोच होतो. आता एकाच गाठीतला एक धागा पूर्ण तांबडा, तर दुसऱ्याला निळं शेपूट. मायटोसिसमध्ये गाठ सुटली की दोन्हीकडे सारखाच धागा जातो, इथे तसं नाही. जाड बाण खोडला आणि तिथे लिहिलं, 'हालचाल सारखी, धागे वेगळे.'