बेल्ट तोच, मग व्हॉल्व्ह कुणाचे वाकतात?

टोइंगवरून आलेली गाडी दीड लिटरची डिझेल होती, चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्हची. हायवेवर वेगात असताना इंजिन एकदम बंद पडलं होतं. मालक म्हणाले, "सेल्फ मारला की नुसतं फिरतं, पकडतच नाही." चांगल्या इंजिनात सेल्फला दर कॉम्प्रेशनला जोर लागतो आणि आवाज अडखळत येतो. इथे तो एकसारखा, हलका येत होता. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारायचा नाही. वरचं कव्हर उघडलं तर टायमिंग बेल्टचे धागे लोंबत होते, आणि पाण्याच्या पंपाची पुली हाताने फिरेना. पंपाचं बेअरिंग जाम झालं आणि त्यावरून घासत जाऊन बेल्ट तुटला.

हा बेल्ट पिस्टनला जोडलेल्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवतो, आणि वाटेत पाण्याचा पंपही. तो तुटला की कॅम जवळजवळ जागीच थांबतो, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला दाबून धरतात. क्रँक मात्र थांबत नाही. गाडी गिअरमध्ये असते, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. २००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला ३३ वेळा वर येतो, त्यामुळे क्लच दाबेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कॅम कुठेही थांबला तरी आठांपैकी दोन-तीन व्हॉल्व्ह उघडे राहतातच.

या जातीच्या डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की ८-९ मिलिमीटर खाली येतो. पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये राहणारी फट मात्र जेमतेम १ मिलिमीटरची. ८० मिलिमीटर स्ट्रोक धरला तर पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या सुमारे ३० अंश आधीच पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला गाठतो. एरवी टक्कर होत नाही, कारण पिस्टन वर असेल तेव्हा व्हॉल्व्ह बंद किंवा अगदी किंचित उघडे असतील, ही वेळ बेल्ट सांभाळतो. याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात.

फ्री-रनिंग इंजिनात ती वेळ चुकली तरी जागा पुरते. पूर्ण उघडा व्हॉल्व्ह आणि टोकाला आलेला पिस्टन यांच्यात फट उरेल इतकी खोली हेडमध्ये किंवा पिस्टनवरच्या खाचांमध्ये ठेवलेली असते. टोयोटाचं ४ए-एफई हे पेट्रोल इंजिन या जातीचं. तिथे बेल्ट तुटला की गाडी रस्त्यात बंद पडते, पण नवा बेल्ट बसवून कॅम आणि क्रँकच्या खुणा जुळवल्या की इंजिन परत चालू होतं. मात्र हेड बरंच घासून घेतलं असेल किंवा व्हॉल्व्ह जास्त खाली ढकलणारा कॅम बसवला असेल, तर ही फट कमी होते आणि मूळ भरवसा राहत नाही.

मग डिझेलमध्येही खाचा का पाडत नाहीत? हिशोब करून बघा. ७६ मिलिमीटर बोअर, ८० स्ट्रोक म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ३६३ सीसी. १८:१ कॉम्प्रेशनसाठी पिस्टन वर असताना एकूण २१-२२ सीसी जागा उरायला हवी. दोन्ही व्हॉल्व्हच्या तबकड्यांएवढ्या, ८ मिलिमीटर खोल खाचा पाडल्या तर त्यांतच १२ सीसी जातील. ज्वलन पिस्टनमधल्या ज्या वाटीत व्हायचं, त्या वाटीला अर्धीही जागा राहणार नाही. म्हणून आजच्या डिझेल गाड्यांत फ्री-रनिंग इंजिन जवळपास मिळतच नाही.

या गाडीत आधी क्रँक हाताने, पान्याने, हळूच फिरवून चारही पिस्टन मधोमध आणले. आता कॅम बेधडक फिरवता येतो. मग कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या एकेका टॅपेटची फट मोजली. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, दांडी खालीच राहते, त्यामुळे वरची फट वाढते. धड व्हॉल्व्हवर फीलर गेजची पातळ पाती बसत होती. तिघांवर १ मिलिमीटरपेक्षा जाड गेजही सैल गेला. हेड उतरवल्यावर त्याच तीन जागी पिस्टनवर चंद्रकोरीसारखे ठसे होते.

इथे घाई करणारे नुसते व्हॉल्व्ह बदलून हेड परत चढवतात. आम्ही व्हॉल्व्ह गाइडना तडे आहेत का ते पाहिलं, कॅमशाफ्ट तपासला आणि चारही पिस्टन टोकाला आणून ब्लॉकच्या पातळीपासून डायल गेजने उंची मोजली. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची दाट शक्यता असते, आणि तो तसाच ठेवला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी राहतं. इथे चारही सारखे भरले, म्हणून काम हेडवरच आटोपलं. नवे हेड बोल्ट, गॅसकेट, बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकत्रच बसवले. सेल्फला हात लावण्याआधी क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठेही अडला असता तर जोर न लावता खुणा पुन्हा जुळवल्या असत्या.