तुम्ही विचारलंत म्हणून: ओट्याचा दगड आणि हॉबचा कोपरा

"मॅडम, ग्रॅनाइट घेऊ, क्वार्ट्झ घेऊ की इंजिनिअर्ड स्टोन? उष्णता, डाग, तडे, तिन्हीला चांगला कुठला ते एकदा सरळ सांगून टाका ना."

हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसवायच्या गॅसच्या शेगडीसाठी, दगड कुठे आणि कसा कापला जाणार आहे, हे कळल्याशिवाय मी दगडाचं नाव घेत नाही. त्यावर समोरच्याचा चेहरा पडतो. मी उत्तर टाळते आहे असं त्याला वाटतं, आणि घरी जाऊन तो तेच दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. स्वयंपाकघरांची ड्रॉइंग्ज करणं हा माझा रोजचा धंदा आहे. उत्तर टाळून मला काय मिळणार? म्हणून आज नीट लिहिते.

आधी नावांचा गुंता सोडवू. दुकानात ज्याला क्वार्ट्झ म्हणतात तो इंजिनिअर्ड स्टोनच आहे. क्वार्ट्झचा चुरा वजनाने साधारण नव्वद टक्के, उरलेलं बहुतेक पॉलिएस्टर रेझिन आणि थोडा रंग. हे मिश्रण हवा काढून, कंपन देत दाबतात आणि भट्टीत पक्कं करतात. संगमरवराचे तुकडे रेझिनमध्ये बसवलेला इंजिनिअर्ड स्टोनही मिळतो. तो ओट्याला घेऊ नका, लिंबाचा रस सांडला तरी त्याचं पॉलिश जातं. क्वार्टझाइट वेगळा, तो खाणीतून निघणारा नैसर्गिक दगड आहे. म्हणजे खरी निवड दोनातच आहे, ग्रॅनाइट किंवा रेझिनवाला क्वार्ट्झ.

डागांचा विषय मी लवकर संपवते, कारण त्याची भीती गरजेपेक्षा जास्त आहे. ग्रॅनाइटमध्ये बारीक छिद्रं असतात, फिक्या रंगाच्या काही जातींत जास्त. स्वच्छ कोरड्या दगडावर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर खाली गडद ठिपका दिसला तर दगड पाणी पितो आहे, तेलही पिईल. छिद्रं बुजवणारं सीलर लावायची वेळ झाली. ठिपका दिसला नाही तर लावू नका, वर नुसता चिकट थर बसेल. क्वार्ट्झला सीलर लागत नाही. पण ड्रेन साफ करायचं कडक रसायन किंवा रंग काढायचं सॉल्व्हंट त्याच्या रेझिनवर सांडलं तर तिथली चमक कायमची जाते. गरम भांड्याने पडलेला पिवळट वळ तर डाग नसतोच. ते जळालेलं रेझिन असतं, घासून जात नाही.

आता ज्या ओट्यामुळे मी अशी बोलायला लागले, त्याबद्दल.

फिक्या राखाडी क्वार्ट्झचा, २० मिलिमीटर जाडीचा ओटा होता. ड्रॉइंग माझं. ओट्याची खोली ६०० मिलिमीटर आणि हॉब बसवायला दगडात कापलेल्या भोकाची, म्हणजे कटआउटची ४९०, म्हणजे पुढे-मागे मिळून ११० उरले. पुढे ६० ठेवले, मागे ५०. हॉबच्या पुढून जाणारी ती साठ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे जेमतेम चार बोटं, हीच सगळ्या ओट्यातली सगळ्यात नाजूक जागा.

ओटा वापरात आल्यानंतर बऱ्याच काळाने त्या घरच्या ताईंचा फोन आला. "उजव्या बर्नरच्या पुढे केस पडल्यासारखी रेघ दिसते आहे, आणि ती पुसली जात नाही." मी गेले. ओला फडका फिरवला आणि पृष्ठभाग सुकू दिला. सगळीकडचं पाणी उडालं, पण ती रेघ ओली, काळी राहिली. नख आडवं ओढलं तर अडकत होतं. ग्रॅनाइटमध्ये अशी रेघ कधी कधी दगडाची जन्मजात शीर असते. तिच्यावर नख अडकत नाही आणि ती कटआउटशी नातं न ठेवता कुठूनही कुठेही जाते. कारखान्यात दाबून केलेल्या क्वार्ट्झमध्ये तशी शीर नसते. इथे रेघ हॉबच्या कोपऱ्यातून निघून सरळ पुढच्या कडेला पोचली होती. हा तडाच होता.

दगड विकणारा म्हणाला, गरम भांडं ठेवलं असणार. बसवणारा म्हणाला, स्लॅबच खराब होता. ताईंनी भांडं कधीच दगडावर ठेवलेलं नव्हतं आणि त्या खरं बोलत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण दगड मी सुचवला होता.

हॉब उचलून काढला. कोपऱ्यात बोट घातलं तेव्हा कळलं. कोपरा काटकोनात कापलेला होता, आणि ग्राइंडरच्या ब्लेडची खाच कोपऱ्याच्या पुढे, पट्टीच्या दिशेने गेली होती. ब्लेड गोल असतं. वरून कापताना खालच्या बाजूचा कोपरा तुटेपर्यंत नेलं, तर वरच्या बाजूला ते हद्दीच्या पुढे जातंच. बसवणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, कारण हॉबची कड वरून ती खाच झाकते. तडा बरोबर तिच्या टोकापासून सुरू झाला होता.

शिवाय हॉब उजव्या अंगाला दगडाला टेकलेला होता, मध्ये फट नव्हती. कटआउटच्या कडेला उष्णता परतवणारी ॲल्युमिनियमची टेप नव्हती. ताई त्या बर्नरवर पसरट मोठा तवा ठेवत, त्याची कड हॉबच्या बाहेर पट्टीवर यायची. भांडं दगडावर न ठेवताही पट्टी रोज तापत होती.

तापली तर काय होतं, ते इथे सांगायलाच हवं. रेझिनमुळे क्वार्ट्झ ग्रॅनाइटच्या दुप्पट-तिप्पट प्रसरण पावतो. ६० सेंटिमीटर लांबीची पट्टी ५० अंशांनी तापली तर ग्रॅनाइटची साधारण पाव मिलिमीटर वाढेल, क्वार्ट्झची अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. आकडा किरकोळ वाटतो, पण पट्टीच्या दोन्ही टोकांना ओट्याचे थंड, रुंद भाग आहेत आणि ते तिला वाढू देत नाहीत. पट्टीची आतली बाजू गरम, बाहेरची कड गार. दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. रोज तापताना आणि निवताना ही ओढाताण कोपऱ्यात गोळा होते. गोलाई असेल तर ती पसरते. तिथे खाच असेल तर सगळी खाचेच्या टोकाशी एकवटते.

मग ग्रॅनाइट घेतला असता तर वाचलो असतो का?

पूर्वीची मी ठामपणे हो म्हणाले असते. ग्रॅनाइट तापाला घाबरत नाही, भांडं ठेवलं तरी त्याला वळ पडत नाही, क्वार्ट्झचं रेझिन मात्र १५० अंशांच्या आसपास बिघडायला लागतं; मग वाद कसला, असं मी लोकांना तोंडावर सांगितलं आहे. उष्णतेपुरतं ते आजही खरं आहे. पण वाकवून मोडायचं म्हटलं तर चांगला क्वार्ट्झ बहुतेक ग्रॅनाइटपेक्षा जास्त ताकदीचा निघतो. ग्रॅनाइटची तीच साठ मिलिमीटरची पट्टी, तीच खाच, आणि स्लॅब आडवा धरून जिन्यावरून नेला, तर ती बसवण्याआधीच मोडलेली मी पाहिली आहे. म्हणजे ग्रॅनाइट नेताना मोडतो आणि क्वार्ट्झ वापरताना, असं म्हणू का? तसंही म्हणवत नाही. खाच नसलेले, आधार नीट दिलेले दोन्ही दगडांचे ओटे वर्षानुवर्षं टिकलेले आहेत.

जाडीचंही तसंच. ३० मिलिमीटरच्या तुलनेत २० मिलिमीटरच्या दगडाची मोडण्याविरुद्धची ताकद निम्म्याहून कमी भरते, कारण ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. पुढची कड दुप्पट जाड दिसावी म्हणून खाली पट्टी चिकटवतात, पण ती कोपऱ्याच्या अलीकडेच संपली तर कोपरा वीसचा वीसच राहतो. हे मी बसवणाऱ्यांना सांगते तेव्हा ते मान हलवतात.

माझा खरा राग जागेवर कापण्यावर आहे. कटआउट कारखान्यात, पाण्याखाली, आधी चारी कोपऱ्यांना कोअर ड्रिलने भोक पाडून आणि मग त्या भोकांना जोडून कापावं. कोपऱ्याची गोलाई किमान १० मिलिमीटर त्रिज्येची मिळते आणि ब्लेड पुढे जायला कारणच उरत नाही. घरी आणून कोरड्या ग्राइंडरने कापलं की खाच पडतेच, आणि वर जो पांढरा धुरळा उडतो तो कापणाऱ्याच्या छातीत जातो. नेहमीच्या क्वार्ट्झमध्ये सिलिका ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त असते. त्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनवर बंदी घातली ती याच कारणाने. मला भेटणारी माणसं तव्याच्या वळाबद्दल दहा प्रश्न विचारतात. कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून बसला होता का, मास्क होता का, पाणी सुरू होतं का, हे कुणी विचारत नाही. याचा मला त्रास होतो.

ताईंच्या तड्यात रंग जुळवून इपॉक्सी भरलं. दिसायला बरं झालं, पण इपॉक्सीने ओढाताण थांबत नाही. रेघ पुन्हा उघडली आणि शेवटी तो भाग बदलावा लागला. त्यांनी परत क्वार्ट्झच घेतला. माझं मत विचारलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं. नव्या ड्रॉइंगमध्ये मी गोलाई लिहिली, हॉबभोवती तीन-चार मिलिमीटरची फट लिहिली, टेप लिहिली आणि पट्टीच्या खाली कपाटाची आडवी फळी कोपऱ्याच्या पलीकडेपर्यंत नेली. पट्टीच्या पोटात सळई बसवायची तर स्टेनलेस स्टीलची, हेही लिहिलं. साधी लोखंडी सळई ओलाव्याने गंजून फुगते आणि तीच दगड फोडते.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. पुढच्या पट्टीच्या मध्यावर मुद्दाम जॉइंट ठेवा, असं मी सुचवलं होतं. तिथे पट्टी दोन तुकड्यांत असली की तिला वाढायला थोडा वाव मिळतो, आणि स्लॅब नेताना ती नाजूक चौकट सलग उचलावी लागत नाही. ताई म्हणाल्या, "रोज डोळ्यांसमोर जोड दिसणार, मग नवा दगड घेऊन उपयोग काय?" बसवणारा त्यांच्या बाजूने होता. त्याच्या मते जॉइंटच्या फटीत तेल-पाणी मुरेल आणि पुढे तीच तक्रार येईल. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, जॉइंट नीट भरला नाही तर तसं होतं. पट्टी सलग ठेवली गेली. ड्रॉइंगवरची जॉइंटची तुटक रेघ मी मात्र खोडलेली नाही. पुढच्या कामातही ती मी तिथेच आखणार आहे, दगड कुठलाही निवडा.