शके सतराशे किती?

मोडी वाचणाऱ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा आधी एकदोन ठिकाणी जाऊन आलेला असतो. त्यामुळे नमस्कारामागोमाग शंका येतेच. इंदूरला रामबागेत राहणारे एक काका असेच आले. "नमस्कार. तुम्ही मोडी वाचता असं कळलं. खरं सांगा, काही उपयोग होतो का? का सगळा अंदाजाचाच कारभार? या कागदाचं साल एकाने 1709 वाचलं, दुसऱ्याने 1729. आता तुम्ही तिसरं सांगणार."

मी कुठे शिकले, किती कागद वाचले, हे सांगून त्यांचं समाधान झालं नसतं. आधीच्या दोघांनीही तेच सांगितलं असणार. म्हटलं, "बसा काका. मी वाचते, तुम्ही तपासा. मोडी येत नसलं तरी तपासता येईल असंच सांगेन."

कागद उजेडात धरला. मधोमध घडी, घडीवर शाई उडालेली, खालचा डावा कोपरा कसरीने खाल्लेला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवतात. शब्दांत जागा सोडत नाहीत, बोरू शक्यतो उचलत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. म्हणून मी कधीच अवघड जागेपासून सुरुवात करत नाही. जे शब्द अशा कागदात यायलाच हवेत ते आधी शोधते. इथे पहिल्याच ओळीत "कर्जरोखा" लागलं, मग "नाम संवत्सरे", पुढे "धनको नाम" आणि "रिणको नाम", शेवटी "साक्ष". हे शब्द ठरलेले असल्याने त्यांतली अक्षरं नक्की होतात. ती मी कोऱ्या कागदावर एकाखाली एक उतरवून घेतली: या लेखकाचा क असा, र असा, स असा. प्रत्येकाच्या हाताचं वळण वेगळं, त्यामुळे छापील तक्त्यापेक्षा हा घरचा तक्ता जास्त कामाचा. पुढे एखादं अक्षर अडलं की ते त्याच हाताच्या दुसऱ्या अक्षराशी लावून बघायचं.

काकांना मी तो तक्ता आणि मूळ कागद शेजारी ठेवून दाखवला. "संवत्सरे" मधला स आणि "साक्ष" मधला स त्यांनीच बोट ठेवून जुळवला. त्यानंतर ते खुर्ची जरा पुढे घेऊन बसले.

आता साल. "शके 17" स्पष्ट, शेवटचा 9 स्पष्ट, मधला आकडा नेमका घडीत गेलेला. नुसत्या डोळ्यांनी तिथे शून्यही दिसतं आणि दोनही दिसतो. आधीच्या दोघांनी दिसलं ते सांगितलं, त्यात त्यांचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आकड्यापुढे संवत्सराचं नाव आहे आणि ते घडीबाहेर आहे: पिंगल. संवत्सरं साठ, क्रम ठरलेला, साठ वर्षांनी तेच नाव परत. शके सालात 12 मिळवून 60 ने भागलं की उरलेली बाकी म्हणजे महाराष्ट्राकडच्या पंचांगातला संवत्सराचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावं. पिंगल एक्कावन्नावं.

हे गणित मी त्यांनाच करायला दिलं. 1709 मध्ये 12 मिळवले, 1721 झाले, बाकी 41, म्हणजे प्लवंग. 1729 ला बाकी एक, म्हणजे प्रभव. 1719 ला 1731, बाकी 51. पिंगल.

"तुमच्या सूत्रावर मी का विश्वास ठेवू?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. म्हटलं, जुनी पंचांगं असतील तर 1977 च्या पाडव्याचं बघा. त्यांच्या देवघरातल्या कपाटात ती होती. मुलाला फोन केला, त्याने वाचून सांगितलं: शके 1899, पिंगल नाम संवत्सर. त्यातून साठ-साठ तीनदा वजा करा, 1719 उरतं.

यानंतरचं सांगणं मला जड गेलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या समज होता की हा कागद अहिल्याबाईंनी दिलेली सनद आहे. 1709 धरलं तर इसवी 1787 येतं, आणि तेव्हा त्या हयात होत्या. म्हणून काकांना ते वाचन मनापासून हवं होतं. पण शके 1719 चा कार्तिक म्हणजे 1797 ची अखेर. अहिल्याबाई ऑगस्ट 1795 मध्ये गेल्या, आणि 1797 च्या ऑगस्टमध्ये तुकोजीराव होळकरही गेले होते. शिवाय ही सनद नाहीच. काकांच्या पूर्वजांनी एका गृहस्थाला उसने दिलेल्या रकमेचा हा खासगी रोखा आहे. मी हे गोड करून सांगितलं नाही. जो माणूस पारखायला आला आहे त्याला मनासारखं उत्तर देणं म्हणजे त्याची शंका खरी ठरवणं.

रक्कमही घडीतच सापडली होती. तीनशे दिसतं, पुढचं विरलेलं. पण रकमेत कोणी मागून खाडाखोड करू नये म्हणून लिहिणाऱ्याने पुढे तिची निमी रक्कम अक्षरी लिहून ठेवली आहे: निमे एकशे पंचाहत्तर. म्हणजे 350. व्याज दरमहा दरसेकडा सव्वा रुपया. हा 350 पक्का करायला मी कागद उलटा केला, कारण वसुलाच्या नोंदी बहुधा पाठीवर असतात. होतीच एक: फाल्गुन वद्य पंचमी, व्याजाबद्दल वसूल 17॥. आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा रुपया, तीन असत्या तर पाऊण.

काकांची नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी पेन काढलं. साडेतीनशेवर सव्वा टक्का म्हणजे महिन्याला चार रुपये सहा आणे. रोखा कार्तिक वद्य पंचमीचा, वसूल फाल्गुन वद्य पंचमीचा, चार महिने. चार चोक सोळा आणि चोवीस आणे म्हणजे दीड रुपया. साडेसतरा! त्यांनी स्वतःच टेबलावर हात मारला. मलाही तेवढाच आनंद झाला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा एक हिशेब आमच्या दोघांसमोर पैशाचाही फरक न पडता जुळला होता.

राहिलं ते कोपऱ्याचं. दुसऱ्या साक्षीदाराचं नाव लागतं, आडनावाची पहिली दोन अक्षरं कसरीने नेली आहेत. उरलेल्या "कर" वरून दहा आडनावं सुचतील. काकांनी एक सुचवलंही, त्यांच्या आजोळचं. लिप्यंतरात मी तिथे टिंबं ठेवली आणि शेजारी "कागद फाटला" असं लिहिलं. सालातल्या मधल्या आकड्याला चौकटी कंस घातला आणि खाली टीप दिली, की हा आकडा पाहून वाचलेला नाही, संवत्सरावरून ठरवला आहे. उद्या दुसऱ्या कोणी हा कागद तपासला तर कुठे डोळ्यांनी वाचलं आणि कुठे तर्काने भरलं हे त्याला कळायला हवं.

काकांनी लिप्यंतर दोनदा वाचलं. मग पिशवीतून कापडात बांधलेलं एक पुडकं काढलं. ते त्यांनी तोवर दाखवलंच नव्हतं. सगळ्यात वर याच ऋणकोच्या नावाचा दुसरा रोखा होता, आणि त्यावरचं संवत्सर कालयुक्त, म्हणजे पिंगलच्या पुढचंच वर्ष.